परतीचं पोतं

"ताई, ही तिसऱ्यांदा आलीय."

पॅकिंगच्या टेबलापाशी बसलेल्या मावशींनी निळ्या छापाची एक कुर्ती माझ्यासमोर धरली. मला ती रॅकवरच्या इतर निळ्या कुर्त्यांसारखीच दिसत होती. मावशींनी डावा मुंढा उलटा करून दाखवला. तिथे लोंबणारा धागा त्यांनी मागच्या महिन्यात स्वतः कापून गाठवला होता आणि हाताशी निळा दोरा नसल्यामुळे काळा वापरला होता. तो काळा टाका तिथेच होता. ऑर्डरींची नोंद काढून पाहिली, तर हीच कुर्ती आधी नाशिकला, मग हैदराबादला आणि शेवटी सांगलीला जाऊन आली होती. पहिल्या बाईंनी परतीचं कारण निवडलं होतं 'माप बरोबर नाही', दुसऱ्यांनी 'आवडली नाही'. तिसऱ्यांनी मात्र फोटो जोडला होता. उजव्या बाजूच्या कटाच्या वर दोन बोटं शिवण उसवलेली होती. घडी घातली की ती जागा बरोबर आत जायची. पहिल्या दोन खेपांना आम्ही पिशवी उघडून पुढची बाजू पाहिली, 'नवीच आहे' म्हणालो आणि परत रॅकवर ठेवली.

सुती कुर्त्या ऑनलाइन विकणं हा माझा व्यवसाय. कापड इचलकरंजीचं आणि शिलाई इथे डोंबिवलीतच. कुरिअरवाला दर दोन-तीन दिवसांनी परत आलेला माल पोत्यात भरून आणतो आणि दाराशी रिकामा करून जातो. सुरुवातीची दोन वर्षं ते पोतं म्हणजे तोटाच, असं मी धरून चालले होते. त्या निळ्या कुर्तीने माझा समज बदलला. परत येण्याचा खर्च तर झालेलाच असतो आणि तो आपल्या हातात नसतो. मोठं नुकसान होतं ते न बघता पुन्हा पाठवलेल्या नगाच्या पुढच्या फेरीत, आणि ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं.

पोत्यात दोन जातींचा माल एकत्र येतो आणि तो आधी वेगळा करावा लागतो. एक म्हणजे ग्राहकापर्यंत पोचलाच नाही असा. घरी कोणी नव्हतं, पत्ता सापडला नाही, किंवा रोख पैसे देऊन घ्यायचं ठरलं होतं आणि दारात आल्यावर नको म्हटलं. विक्रेते याला 'आरटीओ' म्हणतात, म्हणजे मूळ ठिकाणी परत. दुसरा म्हणजे ग्राहकाने उघडून, घालून, ठरवून परत केलेला. पहिल्या जातीचं सील शाबूत असतं, त्यामुळे ते पाकीट न उघडता सरळ रॅकवर ठेवायचा मोह होतो. आठ महिने ते बहुतेक चालूनही जातं. पावसाळ्यात चालत नाही. जुलैत भिजलेल्या गोदामांमधून आलेलं पाकीट बाहेरून वाळलेलं असतं आणि आत दमटपणा कोंडलेला असतो. कुबट वास सुटतो आणि गडद रंग असेल तर घडीच्या कडेवर रंग उतरलेला असतो. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये आम्ही सील शाबूत असलेली पाकिटंही उघडतो. पिशवी नवी घालावी लागते, पण तेवढंच.

ग्राहकाने परत केलेलं पाकीट मात्र कॅमेरा चालू केल्याशिवाय उघडायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम आहे. मोबाइल टेबलाच्या वर स्टँडला अडकवलेला असतो. आधी पाकिटाच्या सगळ्या बाजू, मग चिठ्ठीवरचा कुरिअर नंबर वाचता येईल इतका जवळून, मग चिकटपट्टी कापणं, माल बाहेर काढणं, टॅग, लेबल, पुढची आणि मागची बाजू. हे सगळं एकाच सलग चित्रीकरणात व्हायला हवं. मध्ये एकदा जरी थांबवलं, तरी 'तुम्हीच माल बदलला नाही कशावरून?' या प्रश्नाला उत्तर राहत नाही. पाकीट काट्यावर ठेवून वजनही त्याच चित्रीकरणात घेतो. आमची कुर्ती पिशवीसकट साधारण २८० ग्रॅम भरते. १५० ग्रॅम भरली, तर आत काय असेल याचा अंदाज उघडण्याआधीच येतो.

एकदा आमच्या पिशवीत आमचा टॅग लावलेली दुसऱ्याच कोणाची तरी जुनी कुर्ती आली. चित्रीकरण होतं, दावा केला आणि पैसे मिळाले. त्याच्या आदल्या महिन्यात तसंच घडलं होतं तेव्हा चित्रीकरण नव्हतं, आणि दाव्याची मुदतही उलटून गेली होती. ही मुदत मोजक्या दिवसांची असते आणि प्रत्येक विक्री-मंचाची वेगळी. म्हणून पोतं आलं त्याच दिवशी रिकामं करायचं. शनिवारी येऊन पुढच्या गुरुवारी उघडलेलं पोतं म्हणजे त्यातल्या खोट्या परतींचे पैसे सोडून देणं. आणखी एक काम महिन्यातून एकदा होतं. विक्रीच्या पॅनलवर 'विक्रेत्याला परत पोचलं' असं दाखवलेल्या नगांची यादी काढून ती आपल्या वहीशी ताडून पाहायची. काही नग पडद्यावर पोचलेले असतात, पण पोत्यातून कधी बाहेर पडलेलेच नसतात. ही यादी न जुळवणाऱ्या विक्रेत्याला त्यांचा पत्ताच लागत नाही, कारण जो माल नाही तो डोळ्यांना दिसत नाही.

आता तपासणी. मी ती शिकले शिलाईच्या मास्तरांकडून. पांढरी चादर घातलेलं टेबल, वर ट्यूबलाइट, आणि कुर्ती प्रत्येक वेळी त्याच क्रमाने बघायची, म्हणजे काही निसटत नाही. सगळ्यात आधी नाक. पिशवी उघडल्या क्षणी जो वास येतो तो दहा सेकंदांत हवेत मिसळतो, म्हणून वास घेण्याचं काम पहिलं. अत्तर, घाम, साबण, तळण, डांबराच्या गोळ्या, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मग गळपट्टीची आतली बाजू, तिथे पावडरीचा किंवा मेकअपचा पिवळसर पट्टा असतो. मग काखा, उजेडाकडे धरून. मग दोन्ही कट, घेर आणि बाह्यांची टोकं. शेवटी कुर्ती उलटी करून सगळ्या शिवणींवरून बोट फिरवायचं. उसवलेला टाका डोळ्यांच्या आधी बोटाला लागतो. हे सगळं सरावाच्या हाताला दीड-दोन मिनिटांत जमतं.

धुतलेली कुर्ती ओळखणं हा यातला कौशल्याचा भाग. कोऱ्या सुती कापडाला खळ असते. चिमटीत धरून सोडलं तर ते किंचित ताठ राहतं आणि घडीची रेघ धारदार असते. एका धुण्यात खळ जाते आणि इस्त्रीने ताठपणा परत आणला तरी हाताला लागणारा कोरेपणा येत नाही. आतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल धुतल्यावर मऊ पडतं आणि त्याच्या कडा वळतात. शंका राहिलीच तर टेप काढायची. आमचं कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन टक्के आटतं. ४४ इंच लांबीची कुर्ती पावणेत्रेचाळीस भरली, तर ती पाण्यात जाऊन आली आहे. ग्राहकाने घालून पाहणं हा त्याचा हक्क आहे आणि त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. लग्नात घालून, धुऊन, इस्त्री करून पाठवलेली कुर्ती मात्र कोरी म्हणून दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. ते चुकीचं आहेच, शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वापरलेला माल नवा म्हणून दाखवणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. तो माल ग्राहकाकडून परत आला होता, ही सबब तिथे चालत नाही.

तपासून झालं की प्रत्येक नगाला नंबर मिळतो. निळ्या कुर्तीनंतर सुरू केलेली ही एकच पद्धत, पण तिने आमचा सगळा व्यवहार बदलला. टॅगच्या मागे छोटा गोल स्टिकर, त्यावर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, कुठून आली, ग्राहकाने दिलेलं कारण आणि आम्हाला दिसलेलं कारण. दुसऱ्यांदा आली की स्टिकरवर एक रेघ. नवा माल एकसारखा असतो, शंभरांतली कुठलीही कुर्ती उचलली तरी चालते. परत आलेला नग तसा नसतो, त्याचा स्वतःचा इतिहास असतो, आणि तो पुसून त्याला ढिगात मिसळलं की तो पुन्हा फिरायला लागतो. आमचा नियम असा: एक रेघ असलेली कुर्ती पुन्हा ऑनलाइन जात नाही, मग ती कितीही निर्दोष दिसो. दोन अनोळखी माणसांना तिच्यात काहीतरी खटकलं आहे. ते काय, हे मला दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच जागी स्टॉकच्या संगणकाकडे लक्ष द्यावं लागतं. बऱ्याच प्रणालींमध्ये परत पोचल्याची नोंद झाली की तो नग आपोआप विकण्याजोग्या स्टॉकमध्ये जमा होतो. नग अजून पोत्यातच असतो, कदाचित फाटलेला असतो, आणि तिकडे पडद्यावर त्याची पुन्हा विक्री होऊन जाते. मग पाठवायला माल नसतो, किंवा घाईत तोच फाटका नग पाठवला जातो. आम्ही ही आपोआप जमा होण्याची सोय बंद केली. 'तपासणी बाकी' नावाचा वेगळा कप्पा केला आणि मावशींनी वहीत सही केल्याशिवाय त्यातून काही बाहेर पडत नाही.

आता निर्णय. यातल्या सोप्या बाजू पटकन सांगते. निर्दोष, कोरी, न घातलेली कुर्ती असेल, तर वाफेची इस्त्री, टॅग गनने टॅग पक्का, नवी पिशवी आणि परत रॅकवर. नुसता अत्तराचा वास असेल, तर एक दिवस सावलीत हँगरवर वाऱ्याला लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक. वास गेला तर ठीक, नाहीतर ती पुढच्या गटात. टाका उसवला असेल आणि मास्तर तो मूळ शिवणीसारखाच घालू शकत असतील, तर दुरुस्त करून रॅकवर. अवघड असतो तो मधला गट: नवाच माल, पण छाप एका जागी सरकलेला, विणीत एक जाड धागा, घेरात किंचित वाकडेपणा. मन म्हणतं, 'एवढं कोण बघतं? पूर्ण किमतीला जाऊ दे.'

हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. कुर्ती आम्हाला ३१० रुपयांना पडते आणि ऑनलाइन ६९९ला विकली जाते. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ६९९मधले ३३ रुपये कराचे. विक्री-मंचाचं कमिशन, कुरिअर, पिशवी असे आणखी १७० जातात. हातात ४९६ उरतात. परत आली तर दोन्ही बाजूंचं कुरिअर, पिशवी आणि हातांचं काम मिळून आम्हाला सुमारे १५० रुपये पडतात. वहीत पाहिलं, तर बारीक दोष असलेल्या, पूर्ण किमतीला पाठवलेल्या दहा कुर्त्यांपैकी सात परत येत होत्या. दुसरा मार्ग होता गोदामाच्या पुढच्या खोलीत शनिवारी भरणाऱ्या विक्रीचा. तिथे दोष दाखवून, 'सेकंड' म्हणून २५०ला विकायची. कराचे १२ वजा जाता २३८ उरतात. भाडं नाही, कुरिअर नाही, परतीचा प्रश्न नाही.

दहा कुर्त्या धरू. शनिवारच्या विक्रीत थेट ठेवल्या तर २,३८० रुपये. ऑनलाइन पाठवल्या तर तीन टिकतात, त्यांचे १,४८८. सात परत येतात, त्यांचा खर्च १,०५०. परत आलेल्या सात शेवटी शनिवारच्या विक्रीतच जातात, पण तोवर महिना उलटलेला असतो, माल थोडा मळलेला असतो आणि हाती प्रत्येकी २००च येतात, म्हणजे १,४००. एकूण १,८३८. पूर्ण किमतीचा मोह दहा नगांमागे साडेपाचशे रुपयांना पडतो, आणि त्यात सात नाराज ग्राहकांच्या वाईट शेऱ्यांचं नुकसान धरलेलंच नाही.

या हिशेबात ३१० हा आकडा कुठेच आला नाही, हे मला पहिल्यांदा पचायला जड गेलं. '३१०ची कुर्ती २३८ला कशी देऊ?' या एका वाक्यापायी आमच्या माळ्यावर दोन पोती माल वर्षभर पडून होता. पण ३१० रुपये ज्या दिवशी मास्तरांची आणि कापडवाल्याची बिलं भागवली त्या दिवशीच गेले. आज प्रश्न एवढाच असतो की इथून पुढे कुठल्या वाटेने जास्त येईल. माळ्यावर ठेवणं हीसुद्धा एक वाट आहे, आणि त्या वाटेने दरवर्षी किंमत खालीच येते, कारण छाप जुना होतो आणि घडीच्या जागी कापड पिवळं पडतं. माझ्या ओळखीतल्या विक्रेत्यांची यात सगळ्यात जास्त दमछाक होते, ती तपासणीत नाही.

विकताच येणार नाही असा माल थोडाच असतो: न जाणारा घामाचा वास, रंग उतरून पसरलेले डाग, फाटलेलं पाठीमागचं कापड. अंतर्वस्त्रं विकणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे पिशवी उघडलेला प्रत्येक नग याच गटात जातो, तिथे तपासणीचा प्रश्नच नाही. सुती कापडाच्या चिंध्या गॅरेज आणि छापखाने यंत्रं पुसायला घेतात, किलोवर. टॅग आणि लेबल आधी कापून काढायचं, नाहीतर तीच कुर्ती आपल्या नावाने कुठेतरी नवी म्हणून विकायला येते.

माल निर्लेखित करताना करातली एक बाब बऱ्याच छोट्या विक्रेत्यांना उशिरा कळते. माल नष्ट केला, पुस्तकातून काढून टाकला, किंवा फुकट वाटला, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)प्रमाणे त्या मालावर घेतलेलं कराचं क्रेडिट परत करावं लागतं. आमच्या कुर्तीमागे ते पंधरा रुपयांच्या आसपास जातं. तोच नग अगदी कमी भावात, पण खरोखर विकला, तर ती विक्री ठरते. तिच्यावर कर भरायचा आणि क्रेडिट तसंच राहतं. नष्ट केलेल्या, हरवलेल्या आणि दान दिलेल्या मालाची स्टॉकच्या वहीत वेगळी नोंद ठेवणं नियमानेच सक्तीचं आहे. आम्ही क्रमांक, तारीख, कारण आणि एक फोटो असं ठेवतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण दोन वर्षांनी कोणी विचारलं तर आठवणीवर काहीच टिकत नाही.

उलट बाजूने, ग्राहकाकडून परत आलेल्या प्रत्येक विक्रीवर भरलेला कर आपल्याला वजा करून मिळायला हवा, आणि त्यासाठी क्रेडिट नोट काढावी लागते. तिला मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोवरच. मार्चमध्ये विकून एप्रिलमध्ये परत आलेले नग इथे हमखास सुटतात, कारण वही बदललेली असते. ३१ मार्चला स्टॉक मोजतानाही परतीचा कप्पा वेगळा मोजायचा. लेखा मानकांप्रमाणे मालाची किंमत ही पडलेली किंमत आणि विकून प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांतली जी कमी ती धरायची असते. 'सेकंड'च्या चाळीस कुर्त्या ३१०ने १२,४०० दाखवणं आणि २३८ने ९,५२० दाखवणं, यात २,८८० रुपयांचा फरक आहे, आणि पहिला आकडा दाखवला तर नसलेल्या नफ्यावर आयकर भरला जातो.

वहीतला 'आम्हाला दिसलेलं कारण' हा रकाना मी सुरुवातीला नुसता शिस्त म्हणून ठेवला होता. सहा महिन्यांनी तो वाचायला घेतला तेव्हा एम मापाच्या एकाच गळ्याच्या कुर्त्या सारख्या येताना दिसल्या. ग्राहकाचं कारण कधी 'माप', कधी 'आवडली नाही', कधी 'फोटोसारखी नाही'. आमच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच: 'दोष नाही, न घातल्यासारखी'. अकरा कुर्त्या टेबलावर ओळीने पसरून टेप लावली. छाती सगळ्यांची बरोबर ३८ होती. मुंढा मात्र दुसऱ्या लॉटपासून पाऊण इंच कमी भरत होता, कारण मास्तरांकडच्या पोराने झिजलेल्या पुठ्ठ्यावरून नवा पुठ्ठा कापला होता. कुर्ती छातीत बसत होती, पण हात वर केला की ओढत होती. ते नेमकं काय होतंय हे ग्राहकाला सांगता येत नव्हतं, म्हणून ती यादीतलं जवळचं कारण निवडत होती.

पुठ्ठा त्याच संध्याकाळी बदलला. त्या लॉटमधल्या रॅकवरच्या बासष्ट कुर्त्या आम्ही ऑनलाइनवरून उतरवल्या. ज्यांच्या शिवणीत माया होती त्या मास्तरांनी मुंढ्यात उसवून मोठ्या केल्या, बाकीच्या शनिवारी गेल्या. मावशींनी त्यांतली एक स्वतःच्या मुलीसाठी घेतली, मुंढ्याला बारीक कळी लावून.